नव्या मंडईच्या चित्रातली सावली

बेटेगावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून रुचिताने त्या दिवशी सूर्य उचलून पूर्वेला ठेवला. चित्रातली वेळ संध्याकाळी चारची होती. चार वाजता सूर्य पूर्वेला नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं, रुचितालाही कळत होतं. पण तिच्या धंद्यात सूर्य ही फारशी मानाची वस्तू नाही. माउसने धरायचा, फिरवायचा, चित्र बरं दिसलं की सोडून द्यायचा.

तिचा धंदा म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणं. आर्किटेक्ट नकाशे पाठवतो. ती त्यावरून कॉम्प्युटरमध्ये खांब, भिंती, छप्पर उभं करते, त्यावर लाद्या आणि पत्रे चढवते, उजेड सोडते. मग मशीन बराच वेळ घरघरत बसतं, उजेडाचा किरण कुठे आपटला आणि तिथून कुठे वळला याचं गणित करतं आणि शेवटी फोटोसारखं चित्र बाहेर काढतं. त्याला रेंडर म्हणतात. बोईसरमधल्या कितीतरी नव्या सोसायट्यांच्या जाहिरातींत जी गर्द झाडी आणि दात दाखवणारी कुटुंबं दिसतात, ती रुचितानेच पेरलेली. पुढे ती झाडं कोणी लावली नाहीत, यात तिचा काय दोष?

या वेळचं काम मात्र घरचं होतं. बोईसरच्या ज्या मोकळ्या मैदानात तिची आई हिरा वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली मासळी विकत आली, तिथेच आता पक्की मंडई होणार होती. वर छप्पर, खाली लादी, दोन्ही बाजूंना गाळ्यांची रांग, मधून रुंद वाट. नकाशे दिपेशचे. दिपेश म्हणजे रुचिताला सगळ्यात जास्त काम देणारा आर्किटेक्ट, पालघरला ऑफिस असलेला, वयाने तिच्याहून थोडाच मोठा, पण ती त्याला सर म्हणायची. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा एवढंच.

रुचिताने या चित्रात जीव ओतला. सॉफ्टवेअरबरोबर तयार मिळणाऱ्या भाजीच्या पेट्या परदेशी होत्या, लाकडी, आत चकचकीत सफरचंदं. तिने त्या काढून टाकल्या आणि आपल्या बाजारातले निळे-हिरवे प्लास्टिकचे क्रेट स्वतः बनवले, कडा झिजलेले, एखाद्याचा कान तुटलेला. एकच क्रेट शंभर ठिकाणी ठेवला तर डोळ्याला लगेच कळतं, म्हणून प्रत्येक थोडा वाकडा फिरवला, रंग थोडा उतरवला. लादीचंही तेच. सगळी फरशी एकसारखी चमकली तर ती हॉस्पिटलची वाटते. तिने मधूनच एखादी लादी मंद केली, नळाजवळ ओल टाकली, ओलीत वरच्या छपराचं प्रतिबिंब आणलं. छपराला पत्र्यांच्या मध्ये उजेडासाठी पारदर्शक पट्ट्या होत्या. त्यातून येणारा आकाशाचा उजेड जरा निळसर, बाजूने शिरणारं ऊन पिवळं. हे दोन उजेड लादीवर एकमेकांत मिसळतात तिथे चित्राला जिवंतपणा येतो, आणि तोच साधायला सगळ्यात कठीण.

पहिलं चित्र तिने अगदी इमानदारीने केलं. नकाशाच्या कोपऱ्यातला उत्तरेचा बाण पाहिला, बोईसर गाव भरलं, नोव्हेंबर महिना भरला, वेळ चारची भरली, कारण बाजार खरा भरतो तो तेव्हाच, कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा. मंडई दक्षिणोत्तर लांब. चित्र काढणारा दक्षिणेच्या दारात उभा राहून आत पाहतोय असं धरलेलं, म्हणजे डावा हात पश्चिमेला. चारचं ऊन डाव्या बाजूने तिरपं आत घुसलं आणि डावे गाळे सगळे पांढरेफटक पडले. पालक कुठला आणि क्रेट कुठला ते ओळखू येईना. आणि नेमके डावे गाळेच चित्रात जवळ होते, मोठे दिसत होते.

दिपेशने चित्र मोबाइलवर पाहिलं आणि फोन केला. म्हणाला, सगळं मस्त आहे, फक्त ऊन फिरव. डावीकडची भाजी उठून दिसली पाहिजे, मंडई मंजूर करणाऱ्या समितीची माणसं भाजीच बघणार. आणि हो, मासळी नको दाखवू. काही लोकांना चित्रातूनसुद्धा वास येतो.

रुचिताने ऊन फिरवलं. आकाशाचा जो मोठा गोल घुमट सगळ्या चित्राभोवती असतो, तो नुसता माउसने ओढून वळवला. ऊन उजवीकडून आलं, लांबच्या गाळ्यांवर सोनेरी पट्टे पडले, मधली लादी झळकली आणि डाव्या बाजूवर गार, निळसर, मऊ सावली उतरली. त्या सावलीत तिच्या मेथीच्या जुड्या अशा हिरव्या दिसू लागल्या की आत्ता तोडून आणल्यात. असं करताना तिला काही वाटलंही नाही. या धंद्यात सगळेच सूर्य फिरवतात. मासळी वगळली म्हणून हिराने मात्र तिला चांगलंच झापलं. मासळी विकणारीच्या पोरीने मासळीबाजाराचं चित्र काढलं आणि त्यात एक बोंबील नाही, हे ती आपल्या चिंचणी गावभर सांगत फिरली.

चित्राचा मोठा फ्लेक्स मैदानाच्या तोंडाशी लागला. बायका येता-जाता थांबून बघू लागल्या. कोणी लादीवर बोट ठेवी, कोणी नळ मोजी. तोवर मंडईवरून सगळं गोडीगुलाबीत होतं.

मग समितीने एक साधा प्रश्न विचारला आणि सगळं बिनसलं. मासळीच्या ओट्यांना उतार लागतो, गटार लागतं, जास्त नळ लागतात. हे सगळं लादी बसवायच्या आधी करायचं असतं. तेव्हा मासळी कुठल्या बाजूला आणि भाजी कुठल्या बाजूला, ते विकणाऱ्यांनीच आपसांत ठरवून सांगावं, असं समितीने कळवलं.

आता या मैदानात मासळीवाल्या आणि भाजीवाल्या यांचं कधी पटलं नव्हतं. मासळीवाल्या बहुतेक चिंचणी आणि आसपासच्या किनाऱ्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या, आवाज खणखणीत. भाजीवाल्या मनोरच्या पलीकडच्या डोंगरपाड्यांवरून जीपने येणाऱ्या, डोक्यावरून उतरवलेली टोपली समोर ठेवून मुकाट बसणाऱ्या. मैदानाला उतार होता. बर्फाचं पाणी वाहत यायचं ते थेट भाजीच्या फडक्याखाली शिरायचं. त्यावरून रोज काहीतरी व्हायचं. भाजीवाल्या भांडत नसत, नुसत्या उठून टोपली सरकवत, आणि ते उठणं मासळीवाल्यांना शिवीपेक्षा जास्त झोंबायचं.

ठरवायची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. दिपेशने रुचिताला लॅपटॉप चालवायला बोलावलं होतं. भिंतीवर मंडईचं चित्र मोठं पडलं होतं आणि त्यापुढे बायका दोन तट करून बसल्या होत्या. बघता बघता भांडण त्या चित्रावर आलं. दोन्ही तटांना डावी बाजू हवी होती. का, तर तिथे सावली होती. मासळीवाल्यांचं म्हणणं, उन्हात बर्फ टिकत नाही. भाजीवाल्या फार बोलल्या नाहीत. त्यांच्यातली सोमी, जी जरा पुढे होऊन बोलायची, एवढंच म्हणाली की पालेभाजीला ऊन लागलं की संध्याकाळपर्यंत ती कोणी फुकट पण नेत नाही.

बराच वेळ तोच तोच घोळ चालला. साखरबाई नावाची मासळीवाली, जिची जीभ तिच्या कोयत्याहून धारदार, ती तर उठून चित्राजवळ जाऊन डाव्या गाळ्यांवर हात ठेवून उभी राहिली. जणू तिथेच बसून घेणार. आणि मग हिरा उभी राहिली. मासळीवाल्या तिचं ऐकायच्या. रुचिताला वाटलं, आई आता तोंड सोडणार. तिने मान खाली घातली.

हिरा म्हणाली, "आमच्याकडं बरफ हाय. वितळला तर दुसरा घेऊ. ह्यांच्याकडं काय हाय? पान्याचा हात फिरवायचा न् बसायचं. इतकी वर्सं आमचं पानी ह्यांच्या खाली गेलं. आता सावली ह्यांना घेऊ द्या. आमी उनात बसू."

साखरबाईचा हात भिंतीवरून आपोआप खाली आला. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. सोमी उठून हिराकडे गेली. तिने नुसता हिराचा हात धरला आणि सोडेचना. अशी आई रुचिताने कधी पाहिली नव्हती. आणि त्याच क्षणी तिची नजर चित्राकडे गेली. सावली डावीकडे नव्हती. सावली तिनेच माउसने ओढून तिथे ठेवली होती. खऱ्या मंडईत, बाजार भरायच्या वेळेला, डावीकडे ऊन असणार होतं, पार मावळेपर्यंत. आईने सावली दिली म्हणता म्हणता ऊन देऊन टाकलं होतं.

सोमी परत जागेवर जाता जाता लॅपटॉपपाशी थांबली. पडद्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "बाय, सांजच्याला पन ही अशीच सावली ना?"

दिपेश शेजारीच उभा होता. टाळ्या अजून वाजत होत्या. हिरा खाली बसून पदराने तोंड पुसत होती, लाजल्यासारखी.

"हो," रुचिता म्हणाली.

एक अक्षर. तेही तिने पुरता विचार करून म्हटलं नव्हतं, तोंडातून निसटलं होतं. पण सोमीने मान हलवली आणि समाधानाने जाऊन बसली, आणि मग ते अक्षर परत घ्यायला जागाच राहिली नाही.

घरी येऊन रुचिताने ती पहिली फाइल उघडली. वाटलं, आपण उगाच घाबरतोय, थोडंसं ऊन असेल. तिने उन्हाळा लावून पाहिला, पावसाळा सरल्यावरचे महिने लावून पाहिले, वेळ तीनची, चारची, पाचची केली. ऊन महिन्यागणिक इकडे तिकडे सरकत होतं, पण बाजू काही बदलत नव्हतं. पश्चिमेची बाजू पूर्ण उघडी, छज्जा तोकडा. डावे गाळे ओलांडून ऊन मधल्या वाटेपर्यंत पसरत होतं. उजव्या बाजूला सकाळचं ऊन यायचं खरं, पण ते कोवळं, आणि तेव्हा बाजारात मोजकी माणसं. चारच्या चित्रात उजवे गाळे छान सावलीत होते. लॅपटॉपवर तिच्या मेथीच्या जुड्या पुन्हा पांढऱ्या पडल्या, आणि या वेळी त्या तिला जुड्या वाटल्या नाहीत, सोमीची टोपली वाटली.

तिने दिपेशला फोन केला. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला की रेंडर म्हणजे काही फोटो नव्हे, खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं, चित्र केवळ कल्पनेसाठी. बायका इतक्या वर्षांनी एकमत झाल्यात, ते कशाला मोडायचं? गटाराची आखणी दोन दिवसांत सुरू होणार आहे. पुढे त्या ताडपत्री बांधतील, त्यांना सवय आहे. मग तो म्हणाला, "आणि तुझ्या आईचा विचार कर. लोक काय म्हणतील?"

हे शेवटचं त्याने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते रुतलं. लोक काय म्हणतील ते उघड होतं. चित्र काढणारी पोरगी हिराचीच. पोरीला खरं ऊन कुठलं ते ठाऊक. आणि नेमकी हिराच उठून मोठ्या मनाने डावी बाजू देते! भाजीवाल्या भोळ्या असतील, खुळ्या नव्हत्या. आईने आयुष्यात एकदा चारचौघांत केलेली चांगली गोष्ट उद्या लबाडी ठरणार होती, आणि ठरवणारी तिची स्वतःची मुलगी असणार होती.

न सांगितलं तर? तर मंडई उभी राहील, डोंगरावरच्या बायका डावीकडे बसतील, दुपारी ऊन आलं की टोपली आत सरकवतील, आणखी आत सरकवतील, आणि तक्रारही करणार नाहीत, कारण ती जागा त्यांना हिराबाईने प्रेमाने दिलेली. येता-जाता तिला दुवा देतील. रुचिताला हे दुसरं पहिल्याहून वाईट वाटलं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळी चिंचणीची रिक्षा पकडली.

हिरा अंगणात बोंबील वाळत घालत होती. आडव्या बांबूंवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकत होते. रुचिताने पायरीवर लॅपटॉप उघडला आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. फार समजावून सांगावं लागलं नाही. समुद्रावर जन्म काढलेल्या बाईला मावळती कुठे ते शिकवायचं नसतं. एकदा मंडईचं तोंड कुठल्या दिशेला हे कळलं की बाकीचं तिने स्वतःच जुळवलं.

"मंग फ्लेक्सवर असं का काढलंस?" तिने विचारलं.

रुचिता म्हणाली, बरं दिसत होतं म्हणून.

हिराने हातातले बोंबील बांबूवर अडकवले, आणखी दोन घेतले, तेही अडकवले. मग तिने एकच विचारलं, सोमी बोलायला आली तेव्हा तुला हे ठाऊक होतं का. रुचिताने हो म्हणून मान हलवली. हिराने तिच्याकडे पाहिलं ते असं, की चार थपडा मारल्या असत्या तर परवडल्या असत्या.

"उद्या आखनीला सगळ्या येनार हायत," ती म्हणाली. "तितं तूच सांगायचं. मी नाय."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मैदानात फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडत होत्या. कंत्राटदाराची माणसं दोरी धरून हिंदीत एकमेकांवर ओरडत होती. दिपेश नकाशा घेऊन उभा होता. रुचिताला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण तो अडवायला आला नाही. बायका आपापली जागा बघायला जमल्या होत्या. सोमी आणि तिच्याबरोबरच्या दोघी-तिघी डावीकडच्या रेघांच्या आत उभ्या होत्या, कपाळावर हात धरून, कारण ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. पण छप्पर आल्यावर हे ऊन जाणार, चित्रात तसंच होतं, म्हणून त्या खुशीत होत्या.

रुचिताने दोन्ही चित्रं कागदावर छापून आणली होती. ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली. तिने सांगितलं की फ्लेक्सवरचं ऊन खोटं आहे. तिने ते हाताने फिरवलं होतं, चित्र सुंदर दिसावं म्हणून. छप्पर वरचं ऊन अडवेल, पण हे बाजूने येणारं अडवणार नाही. तुम्ही आत्ता जिथे उभ्या आहात तिथे मंडई झाल्यावरही या वेळेला असंच ऊन येणार. सावली तिकडे असेल, उजवीकडे. एवढं सांगून तिने खरं चित्र पुढे केलं. ते घ्यायला कोणीच हात पुढे केला नाही.

सोमी रेघांतून बाहेर आली. तिने चित्राकडे पाहिलंच नाही, रुचिताकडे पाहिलं. "मी तुला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "तवा तुला ठावं व्हतं?"

"होय," रुचिता म्हणाली.

सोमीने मान वळवली आणि हिराकडे पाहिलं. मग इतर भाजीवाल्यांनीही पाहिलं. जे मनात आलं ते सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. दोन दिवसांपूर्वी धरलेला हात सोमी आता पदराला पुसत होती. ते बघून रुचिताला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

हिरा पुढे झाली. ती काही आणाभाका घेईल, मला माहीत नव्हतं म्हणून सांगेल, असं रुचिताला वाटलं. ते खरंही होतं. पण हिराने त्यातलं काहीच केलं नाही. ती सरळ डावीकडच्या रेघांत, सोमी जिथे उभी होती तिथे जाऊन उभी राहिली. ऊन तिच्या डोळ्यांवर आलं.

"मी शाळंत काय बोलले?" तिने विचारलं. "डावी बाजू दिली बोलले? सावली दिली बोलले. सावली तिकडं हाय, तर तुमी तिकडं जा. मी इतं बसते."

आता भडका उडाला तो मासळीवाल्यांचा. साखरबाई म्हणाली, चूक तुझ्या पोरीची, ती आम्ही का भोगायची? सावली दिली तेव्हा आम्ही उजवीकडच्या उन्हाला तयार झालो होतो, आणि आता उजवीकडे सावली निघाली तर आमचं नशीब उघडलं, ते तू का बंद करतेस? बोलणं काही खोटं नव्हतं, आणि हिरानेही ते खोटं आहे असं म्हटलं नाही. ती म्हणाली, ज्यांना यायचं नसेल त्यांनी येऊ नका, पण सावलीत बसून सोमीच्या तोंडाकडे बघायची माझी तयारी नाही. मग तिने पायातल्या चपला काढल्या आणि डावीकडच्या पहिल्या गाळ्याच्या रेघेत ठेवल्या. पहिला गाळा म्हणजे दाराजवळचा, दक्षिणेचंही ऊन खाणारा, सगळ्यात वाईट.

थोड्या वेळाने एकीने आपली पिशवी शेजारच्या रेघेत ठेवली. मग दुसरीने. साखरबाई शेवटपर्यंत बडबडत होती. बडबडत बडबडतच तिनेही पान-तंबाखूचा बटवा एका चौकोनात टाकला, आणि कोणी हसलं त्याला एक सणसणीत शिवी घातली. चार जणी मात्र निघून गेल्या. त्यांची समजूत हिरालाही घालता आली नाही.

दिपेश इतका वेळ नकाशा धरून उभा होता. आता तो रुचिताजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की मासळी या बाजूला म्हटली तर गटाराचा उतार उलटा करावा लागेल. मग मैदानाकडे बघत राहिला. पश्चिमेला उभ्या पट्ट्यांची जाळी टाकली तर निम्मं ऊन तरी अडेल, समिती मंजूर करेल का ते मात्र सांगता येत नाही, असंही म्हणाला. जाळी कुठपर्यंत आणली म्हणजे ऊन कुठे थांबतं ते तू चित्रात काढून देशील का, असं त्याने विचारलं. या वेळी ऊन फिरव म्हणाला नाही. रुचिता हो म्हणाली. हे 'हो' तिने दोनदा विचार करून म्हटलं.

भाजीवाल्या उजवीकडे गेल्या, पण सावकाश, आणि टाळी कोणी वाजवली नाही. जाताना सोमी हिराजवळ क्षणभर थांबली. हात धरला नाही. जीप सुटेल म्हणाली, आणि निघून गेली. तिला विश्वास बसला की नाही, कोण जाणे. कदाचित मंडई उभी राहून दोन-तीन उन्हाळे गेले की बसेल.

चिंचणीला जाताना मायलेकी रिक्षात शेजारी बसल्या होत्या. रस्ताभर हिरा बाहेर बघत राहिली. रुचिताला रडू येत होतं आणि ते तिने लपवलंही नाही. तारापूरचं वळण गेल्यावर तिने कसंबसं म्हटलं की आई, माझ्यामुळे तुला दोनदा द्यावं लागलं.

हिराचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती थकलेली दिसत होती. मग ती म्हणाली, "शाळंत दिलं तवा लय बरं वाटलं व्हतं. लोकं टाळ्या वाजवत व्हती. आज काय बरं नाय वाटलं गो. आज नुस्तं दिलं."

रुचिताने तिचा हात धरला. हिराने तो काढून घेतला नाही, पण बघत राहिली बाहेरच.